मदत हवी आहे: स्टाइल ट्रान्सफरमध्ये चंद्र भिंतीवर उतरतो

व्हीजीजी-१९ नेटवर्क वापरून मी एका जुन्या वाड्याच्या फोटोवर व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ची शैली चढवत आहे. फोटो ५१२ × ५१२ पिक्सेलचा आहे. आशयासाठी conv4_2 हा थर घेतला असून शैलीसाठी conv1_1 ते conv5_1 हे पाच थर घेतले आहेत.

वाड्याची बाह्यरेषा नीट टिकते, परंतु चित्रातील चंद्राची पिवळी वलये आकाशाऐवजी भिंतीवर उमटतात. माझ्या समजुतीप्रमाणे आशयाची तुलना जागेनुसार होते, तर शैलीच्या ग्राम मॅट्रिक्समध्ये कोणते दोन चॅनल एकत्र सक्रिय होतात याची सर्व जागांवरची बेरीज उरते. म्हणजे ‘वलय आहे’ एवढे कळते, ‘कुठे आहे’ हे पुसले जाते.

शैलीचे वजन दहापट कमी केले, तेव्हा वलये केवळ फिकट झाली. conv4_1 आणि conv5_1 वगळल्यावर ती गेली, पण मग रंग आणि बारीक पोत एवढेच उरले, कुंचल्याचे लांब फटकारे हरवले. (प्रत्येक ग्राम मॅट्रिक्सला जागांच्या संख्येने भागले आहे, त्यामुळे ती शंका नसावी.) सहा जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर काम चालते, नवे नेटवर्क प्रशिक्षित करणे शक्य नाही.

आकाश आणि भिंत यांच्यासाठी मास्क लावून वेगवेगळी ग्राम मॅट्रिक्स काढावी, असा विचार आहे. परंतु conv4_1 मध्ये नकाशा ६४ × ६४ चाच उरतो आणि तिथला प्रत्येक बिंदू मूळ फोटोतील बराच मोठा भाग पाहतो. तेव्हा मास्क नुसता लहान करावा, की सीमेलगतचे बिंदू दोन्ही बाजूंच्या बेरजेतून वगळावेत?