मदत हवी आहे: चेकर म्हणतोय सगळं ओके, तरी पोराला स्लाइड ऐकू येईना

परभणीकर_भूगोल
बारावीला भूगोल शिकवतो. वर्गात एका पोराला अजिबात दिसत नाही, तो लॅपटॉपवर एनव्हीडीए लावून ऐकतो, दुसऱ्याला जाड चष्मा लावूनही कमीच दिसतं. गोदावरी खोऱ्याचं पीपीटी केलंय, नकाशाला Alt Text टाकला, Check Accessibility मारलं तर एकबी एरर नाही. तरी पहिला म्हणतो, सर काहीतरी भलतंच वाचायलंय. सोमवारी तास आहे, लवकर सांगा.

गंगाकाठ
भलतंच म्हणजे काय? आणि फाइल दिली कशी, पीपीटी का पीडीएफ का स्लाइडचे फोटो?

लातूरचा_पाव्हणा
सर, बॅकग्राउंड काळं करा आणि अक्षर पांढरं, विषय संपला. आमच्या हॉलमध्ये तसंच करतो, मागच्या बाकापर्यंत दिसतं.

गंगाकाठ
दादा, पोराला *ऐकू* येईना म्हणायलेत ते, रंगाचं काय घेऊन बसलात.

परभणीकर_भूगोल
पीपीटीच दिली. इंग्रजी अक्षरं एकेक करून बोलतंय म्हणे. मराठी मी नेहमीच्याच फॉन्टमध्ये टाइप केलंय, कृतिदेव.

गंगाकाठ
हे आधी सांगायचं नं सर! सगळं दुखणं तिथंच आहे. शीर्षकातला "गोदावरी" शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. `xksnkojh` आलं तर समजा फाइलमध्ये मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरा चढवलाय. डोळ्यांना गोदावरी दिसते, एनव्हीडीएला एक्स के एस. चेकरला अक्षरांचा अर्थ कळत नसतोय, म्हणून त्यानं पास केलं.
मजकूर युनिकोडमध्ये बदला, फॉन्ट मंगल किंवा निर्मला यूआय ठेवा. कन्व्हर्टर नेटवर मिळतात पण आंधळेपणानं विश्वास ठेवू नका, कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, तिथंच घोळ होतो. एकदा डोळ्याखालून घाला.

बीडची_मॅडम
फॉन्टवरून आठवलं, लग्नपत्रिकेसाठी चांगला मराठी फॉन्ट कुठला? भाच्याचं लग्न आहे.

परभणीकर_भूगोल
मॅडम, सोमवार आहे हो माझा 🙏
नोटपॅडमध्ये तेच आलं, `xksnkojh`. बदलायला घेतो. पण Alt Text तर फोनवरच्या मराठी कीबोर्डनं टाकलाय, तो तरी वाचायला पाहिजे नं?

गंगाकाठ
तो वाचत असणार. काय लिहिलंय त्यात?

परभणीकर_भूगोल
"गोदावरी नदीचा नकाशा"

अजिंठा_लेणी
मी स्वतः स्क्रीन रीडर वापरते म्हणून सांगते. चित्र आहे हे तो आधीच बोलतो, आणि गोदावरीचा नकाशा आहे हे वरच्या शीर्षकातच ऐकलेलं असतं. मग हाती काय लागलं? तुम्ही वर्गात त्या नकाशावर बोट ठेवून जे सांगता ते लिहा. उदाहरणार्थ: "गोदावरी पश्चिमेकडून येते, पैठणला जायकवाडी धरण, तिथून पूर्वेला गंगाखेड, नांदेड करत तेलंगणात जाते. पूर्णा उत्तरेकडून येऊन परभणी जिल्ह्यात मिळते. मांजरा बालाघाटात उगम पावते, दक्षिणेकडून जाते." बस एवढंच. प्रत्येक गाव लिहू नका, ऐकणाऱ्याला मधेच मागं जाता येत नाही. तासाला लागणारं बाकीचं स्लाइडच्या मजकुरात टाका, त्याचा फायदा सगळ्यांनाच होईल. कोपऱ्यातल्या नक्षीला Mark as decorative करा, नाहीतर दर स्लाइडला ती मध्ये येते.

लातूरचा_पाव्हणा
आणि दुसरं पोरगं? त्याला माझंच लागू आहे. नकाशावर नावं कुठल्या रंगात?

परभणीकर_भूगोल
पांढऱ्यावर केशरी, `#FFA500`. साइज 24 आहे, मोठाच की.

गंगाकाठ
पाव्हण्याचं अर्धं बरोबर आहे. पांढऱ्यावर ह्या केशरीचा कॉन्ट्रास्ट 2:1 च्याही किंचित खाली भरतो. छोट्या अक्षराला 4.5 लागतं, 18 पॉइंटच्या वरच्याला 3 चालतं, म्हणजे 24 असूनही तो नापासच. `#B45309` घ्या, 5 येतं. काळ्यावर पांढरं अंधाऱ्या हॉलला ठीक, उजेडाच्या वर्गात प्रोजेक्टरचा काळा करडा पडतो, तिथं पांढऱ्यावर गडदच बरं.

अजिंठा_लेणी
नावं नकाशाच्या चित्रातच छापलेली आहेत का वरून टेक्स्ट बॉक्स टाकलेत? चित्रात असतील तर चेकर ती धरत नाही आणि रंगही बदलता यायचा नाही.

परभणीकर_भूगोल
चित्रातच हायेत, पुस्तकातून स्कॅन केलाय.

लातूरचा_पाव्हणा
मग नकाशा नव्यानं काढा, अर्धा तास.

गंगाकाठ
अर्धा तास नाही लागत. त्याच स्कॅनवर पांढरी पट्टी ठेवून वर नाव टाइप करा, 28 ला. वेलांट्या, उकार वरखाली जातात, ओळीत जागा ठेवा. फक्त नवे बॉक्स आले की वाचायचा क्रम बघा, Selection Pane मध्ये खालून वर वाचतो, शीर्षक सगळ्यात खाली हवं.

परभणीकर_भूगोल
बघतो. पण आमच्या विभागाची जुनी पीपीटी सगळी कृतिदेवमध्येच हायेत, ती एकदम बदलायचा काही मार्ग?

बीडची_मॅडम
हे मलापण हवंय. आणि पत्रिकेचं राहिलंच.