मदत हवी आहे: रायझन ९ ७९५०एक्ससाठी बी६५० बोर्डाचं व्हीआरएम पुरेल का?

ब्लेंडरमध्ये रात्रभर रेंडर चालतं, म्हणजे सोळाही कोअर तासन्‌तास पूर्ण लोडवर. ओव्हरक्लॉकिंग करणार नाही. कूलर लिक्विड असल्यामुळे सॉकेटभोवती पंख्याचा वारा नसेल, आणि उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर जाते.

मनात असलेल्या बोर्डावर १२+२ फेज लिहिलंय. माहितीपत्रक पाहिलं तर कंट्रोलरचे सहाच फेज सीपीयूला आहेत, प्रत्येकावर ५० अँपिअरच्या दोन पॉवर स्टेज. प्रोसेसरची सततच्या करंटची मर्यादा १६० अँपिअर, म्हणजे एका स्टेजवर साधारण १३. करंटच्या हिशेबाने काळजी वाटत नाही.

खरी शंका उष्णतेची आहे. सॉकेटची २३० वॉटची मर्यादा आणि व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर तिथे सुमारे २५ वॉट उष्णता तयार होईल. हीटसिंक दिसायला जाड आहे, पण त्याला खाचा जवळजवळ नाहीत. वरचा बराच भाग प्लास्टिकचं आवरण आहे. सापडलेल्या चाचण्या उघड्या बेंचवर, २२ अंशांत घेतलेल्या आहेत.

असा बोर्ड बंद कॅबिनेटमध्ये कोणी वापरलाय का? तास-दोन तासांच्या रेंडरनंतर HWiNFO मध्ये व्हीआरएमचं तापमान किती दिसतं, आणि क्लॉक खाली येतो का?