शब्दचर्चा: मुलाखतींची 'संपृक्तता' की 'संतृप्तता'?

मृण्मयी, मालवण: मासळी विकणाऱ्या बायकांवर प्रबंध आहे. 'दहा मुलाखतींनंतर संपृक्तता आली' असं लिहिलं, तर मार्गदर्शक म्हणतात, कशावरून? आणि शब्द तरी बरोबर आहे ना?

देवदत्त: संपृक्तताच. शाळेत आपण 'संपृक्त द्रावण' शिकलो. संतृप्तता हिंदीच्या वळणाची. पाण्यात मीठ विरघळेनासं होऊन तळाशी बसतं, तसं तीच तीच उत्तरं यायला लागली की थांबायचं.

शमाताई, रत्नागिरी: शब्द मान्य, थांबायची खूण नाही. प्रश्नच साचेबद्ध असले तर तिसऱ्या मुलाखतीपासून तीच उत्तरं येतात. नवे कोड, म्हणजे उत्तरांतल्या मुद्द्यांना आपण दिलेली नावं, किती निघतात ते मोजावं. मृण्मयी, तुझी आकडेवारी टाक.

मृण्मयी: पहिल्या चार मुलाखतींत 20 कोड. पाचवी-सहावीत 3 नवे, सातवी-आठवीत 1, नववी-दहावीत शून्य.

शमाताई: म्हणजे पायाच्या 20 च्या तुलनेत 15 टक्के, 5 टक्के, शून्य. 5 टक्क्यांची मर्यादा आधीच ठरवली असशील तर आठवीला पोचलीस, पुढच्या दोन खातरजमेच्या. पण या दहाजणी भेटल्या कुठे?

मृण्मयी: सगळ्या बंदरावर, लिलावाच्या वेळी.

शमाताई: तिथेच गोम आहे. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी एकही नाही. उधारी, ठरलेली गिऱ्हाइकं, गावचा रस्ता हे लिलावात दिसणारच नाही. अशा दोघींशी बोल. नवे कोड निघाले तर आधीची संपृक्तता फक्त लिलावातल्या बायकांपुरती होती.

रोहन: एवढं कशाला? नमुन्याचं सूत्र लावा, 384 येतात.

देवदत्त: अरे, ते सर्वेक्षणाचं. किती टक्के बायका उधारीवर विकतात हे काढायचं असेल तर. इथे उधारी चालते कशी, हे विचारायचंय.

सायली: माझ्याकडे तीसचा आग्रह होता. तीस केल्या, शेवटच्या दहांतून काहीच नवं आलं नाही. बारा पुरतात असं छापलेलं आहे ना?

शमाताई: 2006 च्या त्या अभ्यासात 60 मुलाखती होत्या. बहुतेक कोड पहिल्या बारांत आले, पण बायका बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही ठरावीक. 2017 च्या दुसऱ्या एका अभ्यासात कोडांना 9 मुलाखती पुरल्या, अर्थ पुरता उलगडायला 16 ते 24 लागल्या. 'उधारी' हा कोड पहिल्याच दिवशी मिळतो. ती गिऱ्हाईक बांधून ठेवायला देतात की नाइलाजाने, हे बऱ्याच उशिरा कळतं. म्हणून बाराचा दाखला एकटा टिकत नाही. प्रबंधात कोणत्या मुलाखतीत किती नवे कोड, याचा तक्ता दे.

देवदत्त: विषयसूत्रांच्या चिंतनशील विश्लेषणात ब्राउन आणि क्लार्क या संशोधक संपृक्ततेची कल्पनाच नाकारतात. अर्थ संशोधक घडवतो, तो 'संपत' नाही. तिथे नुसतं 'पुरेसेपणा' लिहावं का?

शमाताई: पुरेसा कशासाठी, ते सांगितलंस तर. पण 'पुरेसेपणा' वाचून परीक्षक परत आकडाच विचारतील.

मृण्मयी: पाटीवाल्या सकाळी दहानंतर गावात असतात. आधी त्या दोघींना गाठते, मग शब्दाचं बघू.