मदत हवी आहे: दहावीचा भाऊ दहा मिनिटंही टिकत नाही, वेळापत्रक सांगा

खानापूरची_ताई: परीक्षेला 6 आठवडे उरलेत. भाऊ वही उघडतो आणि पाच मिनिटांत उठतो. तीन वेळापत्रकं करून झाली, एकही दोन दिवस चाललं नाही. कोणीतरी नीट वेळापत्रक द्या, लवकर.

निपाणीकर: 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं सुट्टी. घड्याळ लावा. माझ्या मुलीचं झालं की.

शिक्षिका_वडगाव: ताई, माध्यम कुठलं? डॉक्टरांना दाखवलंय का? बसतो किती वाजता? सुट्टीत काय करतो?

खानापूरची_ताई: मराठी माध्यम. एडीएचडी आहे, सकाळी गोळी घेतो. बसतो रात्री 8 ला. सुट्टीत मोबाईल.

सीमाभागातला: आम्ही पहाटे 4 ला उठून कन्नडचे धडे पाठ केले. कन्नडचीच भीती असते. तिलकवाडीत चांगली शिकवणी आहे, पत्ता देऊ का?

खानापूरची_ताई: कन्नड नाही हो, गणित अडलंय.

शिक्षिका_वडगाव: रात्रीपर्यंत गोळीचा असर बहुतेक ओसरलेला असतो. गोळीची वेळ तुम्ही बदलू नका, डॉक्टरांना विचारा. रविवारी गणित सकाळी घ्या, रात्री सोपा विषय.
25 मिनिटं त्याला जड जातील. तीन दिवस काही न बोलता बघा, पहिल्यांदा लक्ष कितव्या मिनिटाला उडतं. 9 व्या उडत असेल तर बैठक 8 मिनिटांची. आणि "गणित कर" म्हणू नका, संपल्याचं दिसेल असं काम द्या. थेल्सचं प्रमेय घ्या. पहिल्या बैठकीत फक्त आकृती, पक्ष, साध्य, रचना. दुसऱ्या बैठकीत क्षेत्रफळांची दोन गुणोत्तरं. तिसऱ्या बैठकीत वही मिटून कोऱ्या कागदावर सगळं. तिथे अडला तर तेवढीच पायरी परत. उठण्याआधी पुढची ओळ अर्धी लिहून ठेवायची, परत बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही.
सुट्टी 4 मिनिटांची. पाणी, अंगणात फेरी. मोबाईल नको, त्यातून परत येणंच त्याला सर्वांत अवघड.

निपाणीकर: पण पेपर तीन तासांचा. 8 मिनिटांची सवय लागली तर तिथे काय करणार?

शिक्षिका_वडगाव: हे बरोबर. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दोन बैठका जोडायच्या, मध्ये उठायचं नाही, फक्त पेन खाली ठेवायचं. शेवटच्या दोन आठवड्यांत रविवारी पूर्ण पेपर. जोडल्यावर चुका वाढल्या तर पुन्हा आखूड करा. जादा वेळेची सवलत मिळते का, ते प्रमाणपत्र घेऊन मुख्याध्यापकांना उद्याच विचारा.

सीमाभागातला: पहाट मात्र सोडू नका.

शिक्षिका_वडगाव: दादा, या मुलाची झोप तोडली तर दुसरा दिवस पूर्ण वाया जातो.

खानापूरची_ताई: आज बघितलं, 7 व्या मिनिटाला उठला. मोबाईल आईकडे दिलाय, त्यावरून रडारड चालू आहे. मी शेजारी बसले तर चालेल का?

शिक्षिका_वडगाव: बसा, पण तुमचं काम घेऊन. त्याच्या वहीत बघू नका.