मणक्याचा टीबी: एमआरआय स्पष्ट आहे, तरी सुईने तपासणी करावी का?

मंजिरी_स
आई, वय 52, वजन 46 किलो. तीन महिन्यांपासून पाठ दुखतेय, रात्री जास्त. संध्याकाळी अंगात कसकस असते, जेवण निम्म्यावर आलंय. खोकला अजिबात नाही, छातीचा एक्स-रे आणि थुंकी दोन्ही साफ. सुरुवातीला पाठीचा एक्स-रेही नॉर्मल होता, म्हणून नुसत्या पेनकिलर चालल्या. आता एमआरआयमध्ये पाठीचे डी-10, डी-11 मणके आणि मधली चकती खराब दिसते, शेजारी पू आहे. हाडांचे डॉक्टर सीटीवर बघत सुईने तुकडा घेऊ म्हणतात. घरचे म्हणतात, पाठीत सुई नको, सरळ गोळ्या सुरू करा. काय करावं?

बापू_नगरकर
एवढं स्पष्ट दिसतंय तर सुई कशाला? सहा महिने गोळ्या द्या आणि तीन महिने पलंगावरून उठू देऊ नका. ताटवाटी मात्र वेगळी ठेवा, टीबी तो टीबीच.

डॉ_शिरीष_प
बापूकाका, एमआरआयबद्दल तुमचं बरोबर आहे. शेजारचे दोन मणके, मधली चकती आणि बाजूला पू, हे आपल्याकडे बहुतेक वेळा टीबीच निघतं. पण साध्या पू करणाऱ्या जंतूंनीही असंच दिसू शकतं. शिवाय टीबी असला तरी जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतात की नाही, हे एमआरआय सांगत नाही. औषध लागू पडत नाही हे चार महिन्यांनी कळलं, तर तोवर मणका खचलेला असतो.

मंजिरीताई, सुई टोचण्याआधीच एक गोष्ट नक्की करा: डब्या दोन हव्यात. एक फॉर्मालिनची, ती सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरी साध्या सलाइनची, ती सीबीनॅट आणि कल्चरसाठी. सीबीनॅट म्हणजे टीबीचा जंतू आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का हे लवकर सांगणारी जनुकीय तपासणी, कल्चर म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला की पुन्हा सुई, ही चूक बरीच होते. सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही, कारण हाडात जंतू थोडे असतात. आणि मधल्या काळात ‘साधं इन्फेक्शन’ म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन देऊ नका. ते टीबीवरही थोडं चालतं, त्याने तपासणी फसते.

पहिला एक्स-रे नॉर्मल का आला? हाडातला साधारण तिसरा हिस्सा चुना गेल्याशिवाय एक्स-रेवर दिसत नाही.

गोळ्या सहा महिन्यांच्या नाहीत. मणक्याला दोन महिने चार औषधं, पुढे दहा महिने तीन. 46 किलोला एकत्रित गोळ्या रोज तीन, सरकारी केंद्रात मोफत. दुखणं जास्त असेपर्यंत आराम आणि पट्टा, महिनोन् महिने पलंग नको. फुफ्फुस साफ असेल तर आईंपासून कुणाला लागण होत नाही, ताटवाटी वेगळी नको.

रोज पायांकडे लक्ष द्या. पायातली चप्पल निसटली आणि आईंना कळलंच नाही, पाय ताठ पडू लागले, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे मज्जारज्जूवर दाब आलेला असतो. अशा वेळी तपासणीच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत.

सुनंदा_कोल्हापूर
माझ्या मुलाच्या मानेत गाठी आहेत, दुखत नाहीत, एकमेकींना चिकटल्यासारख्या. सुईच्या तपासणीत टीबी निघाला. गोळ्यांना दोन महिने झाले आणि गाठ उलट मोठी झाली! औषध बदलायचं का?

डॉ_शिरीष_प
सुनंदाताई, लगेच नाही. मेलेल्या जंतूंवर शरीर चिडून उठतं, म्हणून उपचार चालू असतानाच गाठ वाढते, कधी नवीही येते. ताप गेला, वजन वाढतंय आणि गोळी एकही चुकलेली नाही, तर बहुधा हेच. पण सुरुवातीला सीबीनॅट झालं नसेल, तर आता गाठीतला पू पाठवा. वरची कातडी लाल, पातळ झाली असेल तर घरी दाबू नका, डॉक्टर सुईने पू काढतील. गाठी फुटल्या तर जखम महिनोन् महिने वाहते. गाठींना साधारण सहा महिने पुरतात.

मंजिरी_स
आईचं डोकंही चार दिवस दुखतंय. कमी झोपेमुळे असेल?

डॉ_शिरीष_प
असेलही, पण गृहीत धरू नका. मेंदूच्या आवरणाचा टीबी असाच सुरू होतो: आठवडा-दोन आठवडे डोकेदुखी, बारीक ताप, उलट्या, मग माणूस विचित्र वागतो, सुस्त होतो, एकाचे दोन दिसतात. यांतलं काहीही असेल तर उद्याची वाट पाहू नका. पाठीतून पाणी काढून तपासतात. तेही निगेटिव्ह येऊ शकतं, तरी संशय पक्का असेल तर गोळ्या आणि स्टेरॉइड लगेच सुरू करतात.

बापू_नगरकर
डॉक्टर, आमच्याकडे मणक्याला दीड वर्ष गोळ्या देणारेही आहेत. मग बारा महिने की अठरा?

डॉ_शिरीष_प
यावर एकमत नाही काका. बाराव्या महिन्यातल्या एमआरआयवर सूज दिसली म्हणून काही जण लांबवतात, पण हाड भरल्यावरही ती सावली बराच काळ राहते. मी दुखणं, वजन आणि पायांची ताकद बघून ठरवेन. ज्यांनी सुरुवातीला ऑपरेशन केलंय, त्यांचं मत वेगळं असू शकतं.

मंजिरी_स
आत्ता विचारलं. उलटी नाही, सगळं नीट दिसतंय. सुई गुरुवारी आहे, दोन डब्यांचं लॅबला फोन करून सांगितलंय. ते म्हणाले, सलाइनची डबी तुम्हीच आणा.