मदत हवी आहे: मीटिंग रूममध्ये कॅमेरा टीव्हीच्या वर लावू की खाली?

चिंचोका:
मंडळी, पुण्यात आमचं बारा जणांचं ऑफिस आहे, त्यातले निम्मे घरून काम करतात. मीटिंगची खोली १६ बाय ११ फूट. अरुंद भिंतीवर ६५ इंची टीव्ही आहे आणि त्याच्या वरच्या कडेवर साधा वेबकॅम. भिंतीपासून अडीच फुटांवर ८ बाय ४ चं टेबल सुरू होतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, टोकाला एक. ज्याची मीटिंग, तो आपला लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडतो.

तक्रारी तीन. घरच्यांना आमची टाळकी दिसतात आणि पुढच्या दोघांचा फक्त खांदा नि कान. त्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. आणि अधूनमधून कॅमेरा बंद पडतो. नवा कॅमेरा घ्यावा का? बजेट पंधरा हजार.

उंटावरचा_शहाणा:
१२० अंशांचा कॅमेरा घ्या, विषय संपला. पण वरच ठेवा. खाली लावलात तर सगळ्यांच्या नाकपुड्या दिसतील.

गच्चीवरची_तुळस:
आमच्या सोसायटीच्या सभेलाही हाच त्रास! प्रोजेक्टरवर ट्यूबलाइटचा उजेड पडतो आणि काही दिसत नाही. शेवटी खिडकीला जाड चादर लावली. तुम्ही पडदे लावून बघितले का?

चिंचोका:
ताई, आमच्याकडे प्रोजेक्टर नाही, टीव्ही आहे. चित्र स्वच्छ दिसतं. आम्हीच तिकडे नीट दिसत नाही.

तारेवरची_कसरत:
खर्च करायच्या आधी टेप घ्या. टीव्हीची वरची कड जमिनीपासून किती आहे?

चिंचोका:
आत्ता मोजलं. वरची ८२ इंच, खालची ५०.

तारेवरची_कसरत:
मग टाळकी दिसणारच. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण चार फुटांवर असतात आणि तुमचा कॅमेरा सात फुटांवर आहे. खालच्या कडेला, ४८ इंचांवर लहानशी फळी ठोका आणि कॅमेरा त्यावर ठेवा. नाकपुड्या दिसतात त्या लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याचा कॅमेरा वर वळवला की. इथे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. शिवाय तुम्ही पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे बघता तेव्हा नजर कॅमेऱ्याच्या जवळ असते. घरच्यांच्या खिडक्या पडद्याच्या खालच्या भागात ठेवल्यात तर अजून बरं.

आता रुंदी. साध्या वेबकॅमच्या डब्यावर ७८ अंश लिहिलेलं असतं, ते बहुधा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. आडवे सत्तरच्या आसपास मिळतात. म्हणजे जितकं अंतर, त्याच्या साधारण १.४ पट रुंदी दिसते. तुमच्या पहिल्या खुर्च्या चार फुटांवर, तिथे साडेपाच फूट दिसणार. समोरासमोर बसलेल्या दोघांना सात फूट तरी लागतात, म्हणून खांदा नि कान. टेबल दीड फूट मागे सरकवा, त्याच खुर्च्या साडेपाच फुटांवर जातील आणि पावणेआठ फूट दिसेल. मागे तुमच्याकडे जागा आहे.

१२० अंशांच्या कॅमेऱ्यात पुढचे दोघे येतील हे खरं. पण टोकाला बसलेल्याचा चेहरा आत्ताच्या निम्मा होईल. आधी टेबल सरकवून बघा, ते फुकट आहे.

उंटावरचा_शहाणा:
टोकाचा लहान दिसेल हे लक्षात आलं नव्हतं. पण जे कॅमेरे बोलणाऱ्याला आपोआप जवळ घेतात, त्यांचं काय?

तारेवरची_कसरत:
ते चित्र कापून मोठं करतात, त्यामुळे सेन्सर चांगला असावा लागतो. या बजेटमध्ये मी त्या वाटेला जाणार नाही. @चिंचोका, माइक कुठला? आणि कॅमेऱ्याची तार किती लांब?

चिंचोका:
माइक लॅपटॉपचाच, आवाज टीव्हीतून. कॅमेऱ्याच्या दीड मीटर तारेला पाच मीटरचं एक्स्टेंशन जोडलंय. आणि हो, दोघं-तिघं आपापले लॅपटॉपही त्याच कॉलमध्ये घेऊन बसतात.

तारेवरची_कसरत:
तारेचा उलगडा झाला. यूएसबी २ ला साध्या तारेने पाच मीटरपर्यंतच भरवसा, तुमची एकूण साडेसहा. खात्री करायची तर एक दिवस एक्स्टेंशन काढून कॅमेरा थेट लावा. बंद पडला नाही तर दोष तारेचाच. मग आतमध्ये सिग्नल वाढवणारी 'अॅक्टिव्ह' तार घ्या.

परत येणारा आवाज तुमच्याच खोलीतून जातोय. टीव्हीचा आवाज किंचित उशिरा निघतो आणि लॅपटॉपचा माइक तो पुन्हा उचलतो. टेबलाच्या मध्यावर यूएसबी स्पीकरफोन ठेवा आणि माइक व स्पीकर दोन्हीकडे तोच निवडा. एचडीएमआय जोडली की विंडोज कधीकधी आवाज परत टीव्हीवर ढकलतं, म्हणून कॉल सुरू करताना एकदा बघायचं. बाकीच्यांनी टीम्समध्ये `Don't use audio` घेऊनच आत यायचं. नुसतं म्यूट करून भागत नाही, स्पीकर चालूच राहतो.

चिंचोका:
चार दिवसांनी सांगतोय. फळीऐवजी सध्या खोक्यावर कॅमेरा ठेवलाय. घरचे म्हणाले, "पहिल्यांदा तुमचे डोळे दिसले." इतरांचा ऑडिओ बंद ठेवल्यावर घुमणं बरंच कमी झालं, स्पीकरफोन मागवलाय. एक्स्टेंशन काढल्यावर कॅमेरा दोन दिवस एकदाही गेला नाही, पण तारेपायी लॅपटॉप टीव्हीखाली स्टुलावर ठेवावा लागतो.

टेबल मात्र अडलंय. दीड फूट मागे नेलं की टोकाची खुर्ची दाराच्या आड येते. साहेब म्हणतात दार महत्त्वाचं. पुढच्या दोन खुर्च्याच काढाव्यात का, पाच जणांत भागेल?

गच्चीवरची_तुळस:
दार बाहेर उघडेल असं करून घ्या की. सुतार तासाभरात करतो.