उत्तर: उभ्या रेषेचा कोन कसा काढायचा?

> "x = 3 आणि y = 2x + 1 मधला कोन काढायचाय. पहिल्या रेषेचा m च मिळत नाही, मग टॅनच्या सूत्रात घालू काय?"

काहीच घालू नकोस भावा. उभ्या रेषेला चढ नसतो, म्हणून ते सूत्र इथं लागूच होत नाही. राजारामपुरीत क्लासला येणारी पोरं m = 0 घालून मोकळी होतात. मग 63.43° येतं, पण तो दुसऱ्या रेषेचा आडव्या अक्षाशी असलेला कोन झाला.

त्यापेक्षा दिशा सदिश घे. पहिल्या रेषेचा (0, 1). दुसरीत x एकनं वाढला की y दोननं वाढतो, म्हणून (1, 2). डॉट प्रॉडक्ट 0·1 + 1·2 = 2, लांब्या 1 आणि √5.

cos θ = 2/√5 ≈ 0.894, θ ≈ 26.57°

ताळा बघ: 90 − 63.43 = 26.57.

पहिला सदिश (0, −1) घेतलास तर कोसाइन ऋण येऊन 153.43° मिळेल. रेषांना ठरावीक दिशा नसते, म्हणून लघुकोनासाठी डॉट प्रॉडक्टचं केवल मूल्य घे. प्रश्न सदिशांमधल्या कोनाचा असेल तर मात्र ऋण चिन्ह अजिबात पुसू नकोस, तिथं 153.43° हेच उत्तर.